तापलेल्या रस्त्यावरचं मृगजळ आणि रात्री दूरवर जाणारा आवाज: प्रकल्प नोंदी

१८ मार्च

प्रकल्पाचा प्रश्न आज पक्का केला. दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं आणि रात्री लांबचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा ऐकू येतो. दोन्हींचं कारण अपवर्तन, असं पुस्तकात एकेका वाक्यात लिहिलेलं असतं. आम्हाला ते आकड्यांनी पडताळायचं आहे. थर्मामीटरवरचं तापमान घ्यायचं, त्यावरून किरण किती वाकेल ते काढायचं आणि मग जागेवर जाऊन तसं होतं का ते पाहायचं.

दोन्हींमागचा नियम एकच: लाट नेहमी मंद बाजूकडे वळते. तरंगाग्राचं एक टोक जास्त वेगाच्या थरात असेल, तर तेवढ्याच वेळात ते टोक पुढे सरकतं, दुसरं मागे राहतं, तरंगाग्र तिरकं होतं आणि लाटेची दिशा मंद थराकडे झुकते. प्रकाश असो वा ध्वनी, हे बदलत नाही.

गरम हवेत दोघांचाही वेग वाढतो, पण कारणं वेगळी आहेत. गरम हवा विरळ असते, म्हणून तिचा अपवर्तनांक कमी आणि प्रकाशाचा वेग किंचित जास्त. ध्वनीच्या वेगाशी विरळपणाचा थेट संबंध नाही. तो दाब आणि घनता यांच्या गुणोत्तरावर ठरतो आणि ते गुणोत्तर फक्त तापमानानुसार बदलतं. "रात्री हवा दाट असते म्हणून आवाज लांब जातो" हे स्पष्टीकरण बरेचदा ऐकायला मिळतं. तसं असतं तर एकसारख्या थंड हवेतही आवाज लांब गेला असता. खरं महत्त्व थंडपणाला नाही, वर-खाली असलेल्या तापमानाच्या फरकाला आहे.

२५ मार्च

आकड्यांची तयारी. ३६ अंश तापमानाला हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा सुमारे ०.०००२५८ ने जास्त असतो. हवा एक अंशाने तापली की त्यातून साधारण ०.००००००८ कमी होतात. सोप्या भाषेत, प्रकाशाचा वेग अंशामागे दहा लाखांत एका भागाहूनही कमी बदलतो. ध्वनीचा वेग त्याच तापमानाला सेकंदाला सुमारे ३५३ मीटर आणि अंशामागे बदल ०.५७ मीटर, म्हणजे हजारात दीड भागाहून थोडा जास्त.

तेवढ्याच तापमान फरकाला ध्वनी प्रकाशापेक्षा जवळजवळ दोन हजार पट संवेदनशील आहे. मग रस्त्यावर डोळ्यांना एवढा ठळक चमत्कार दिसतो आणि कानाला मात्र तिथे काही खास जाणवत नाही, हे कसं? हा प्रश्न वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवला आहे.

९ एप्रिल

मृगजळाची मोजणी. रहदारी नसलेला सरळ रस्ता, दुपारचे अडीच. डांबराचा पृष्ठभाग ५८ अंश, दीड मीटर उंचीवर सावलीत धरलेल्या थर्मामीटरवर ३६ अंश.

"पाणी कुठून सुरू होतं" हे नुसत्या नजरेनं ठरवणं अवघड. काठ सतत थरथरत असतो. म्हणून जोडीदार लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी घेऊन रस्त्याच्या कडेनं लांब चालत गेला. प्रत्येक पट्टा २० सेंटिमीटरचा. मी दुर्बिणीतून पाहत होतो. डोळा रस्त्यापासून बरोबर दीड मीटर राहावा म्हणून दुर्बीण तिपाईवर. काठीचा सगळ्यात खालचा पट्टा तळातून नाहीसा व्हायला लागला की फोनवर सांगायचं, "थांब, तिथंच." ते अंतर २९० मीटर निघालं.

आता हिशेब. नजरेचा किरण रस्त्याला टेकतो तो कोन म्हणजे १.५ भागिले २९०, म्हणजे ०.००५२ रेडियन, अंशाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. इतक्या निसटत्या कोनानं आलेला किरण आडवा होऊन परत वर वळायला थरांमधल्या अपवर्तनांकाचा फरक त्या कोनाच्या वर्गाच्या निम्मा असावा लागतो:

```
Δn = θ² / 2 = 0.00517² / 2 = 0.0000134
ΔT = 309 × 0.0519 / (1 − 0.0519) ≈ 17
```

०.०५१९ म्हणजे ०.००००१३४ भागिले ०.०००२५८. उत्तर १७ अंश. याचा अर्थ किरण ज्या थरात वळला तिथली हवा सुमारे ५३ अंशांची होती. पृष्ठभाग ५८, त्यावरची हवा ३६, आणि किरण वळतो तो थर या दोघांच्या मध्ये, पण डांबराच्या अगदी जवळ. हे उत्तर मला फार आवडलं. लांबवर, जिथे थर्मामीटर धरलेलाच नाही, तिथल्या हवेच्या पातळ थराचं तापमान नुसतं अंतर मोजून मिळालं.

अचूकतेबद्दल: कोनाचा वर्ग येत असल्यामुळे अंतरात १० मीटरची चूक झाली तर तापमानात एका अंशाहून थोडी जास्त चूक होते. एवढी चालेल.

१० एप्रिल

कालची मोजणी डोळा खाली आणून पुन्हा केली. दुर्बीण ७५ सेंटिमीटरवर. किरण वळण्याचा कोन तोच राहणार असेल तर काठ निम्म्या अंतरावर, म्हणजे १४५ मीटरवर यायला हवा. मिळालं १५५ मीटर. हा फरकही समजून घेण्यासारखा आहे. ७५ सेंटिमीटरवर हवा ३७.५ अंश होती, म्हणजे डोळ्यापाशीच हवा थोडी जास्त गरम. वळणाऱ्या थराशी फरक कमी, म्हणून कोन कमी, म्हणून काठ निम्म्याहून थोडा लांब. हिशेबात फरक १५ अंशांच्या आसपास येतो, तो थर्मामीटरशी जुळतो.

रस्ता कसा असावा यावर एक टीप. रस्त्याला एकसारखा चढ-उतार असेल तर बिघडत नाही, कारण गरम थर रस्त्याला समांतरच पसरलेले असतात. बिघडतं ते चढ बदलला की. सगळा खेळ अंशाच्या एक तृतीयांशाचा आहे. पुढचा भाग अंशाच्या एक दशांशानं जरी खाली झुकलेला असेल, तरी काठ बराच जवळ दिसेल आणि तापमान खोटं निघेल. ओळखायची पद्धत सोपी: पन्नास-पन्नास मीटर पुढे जाऊन पुन्हा मोजायचं. काठ तितकाच पुढे सरकत राहिला तर रस्ता सरळ. अंतर कमी-जास्त व्हायला लागलं तर तो तुकडा सोडून द्यायचा.

१२ एप्रिल

आजचं निरीक्षण पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. काठी ४०० मीटरवर उभी केली. डोळा पुन्हा दीड मीटरवर.

सीमेवरचा किरण २९० मीटरवर रस्त्याला जवळजवळ टेकून त्याच कोनानं वर उठतो. ४०० मीटरपर्यंत तो उरलेल्या ११० मीटरमध्ये सुमारे ५७ सेंटिमीटर वर गेलेला असतो. म्हणजे काठीच्या खालच्या ५७ सेंटिमीटरकडून माझ्या डोळ्यापर्यंत एकही किरण पोचू शकत नाही. दुर्बिणीत तसंच दिसलं. खालचे तीन पट्टे जवळपास पूर्ण गायब, आणि त्यांच्या जागी वरच्या पट्ट्यांची थरथरती उलटी प्रतिमा.

मृगजळाबद्दल बोलताना सगळं लक्ष या उलट्या प्रतिमेकडे जातं. आकाशाची उलटी प्रतिमा म्हणजेच ते "पाणी". पण तिच्या बरोबरीनं जे घडतं, म्हणजे वस्तूचा खालचा भाग दिसेनासा होणं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. वर वळलेल्या किरणांच्या खाली एक अशी जागा उरते जिथे प्रकाश पोचत नाही. तिला आम्ही नोंदीत "छाया" म्हणणार आहोत. ध्वनीचं सगळं गणित या छायेवरच उभं आहे.

गास्पार मॉन्ज १७९८ साली नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तमध्ये होता आणि तिथल्या वाळवंटात दिसणाऱ्या मृगजळाचा खुलासा त्यानं जमिनीलगतच्या तापलेल्या हवेवरून केला. ध्वनीसाठी हाच विचार ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८७४ साली रॉयल सोसायटीपुढे मांडला.

२० एप्रिल

आता ध्वनी. मोकळं सपाट मैदान, वस्तीपासून दूर. चार मीटरचा खांब उभा केला, त्यावर अर्ध्या मीटरवर आणि चार मीटरवर एकेक थर्मामीटर. दोन्हींवर ऊन पडू नये म्हणून वर पांढरं छत. उन्हात उघडा ठेवलेला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःच्या तापण्याचं तापमान दाखवतो.

आवाजासाठी भोंग्याचा स्पीकर दीड मीटर उंचीवर. शुद्ध एका सुराऐवजी १००० हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातला खरखराट वापरतो. शुद्ध सुरात थेट येणारी लाट आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लाट एकमेकींना काही ठिकाणी खोडतात आणि आवाज मोजणारा मीटर पावला-पावलाला वेगळं सांगतो. पट्टा घेतला की तो उपद्रव बराच कमी होतो. १० मीटरवर ९० डेसिबेल येतील असा आवाज ठेवला, दर वेळी दहा सेकंदांपुरता.

दुपारी: खाली ३७.२, वर ३५.८. साडेतीन मीटरमध्ये १.४ अंश, म्हणजे मीटरमागे ०.४ अंश. ध्वनीचा वेग वर जाताना मीटरमागे ०.२२८ मीटर प्रति सेकंदानं कमी होतो. किरणाच्या वाकणाची त्रिज्या म्हणजे वेग भागिले हा बदल: ३५३ भागिले ०.२२८, सुमारे १५५० मीटर, आणि वाक वरच्या दिशेनं.

घरी येऊन किरणाचा माग काढायला हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मीटरमागे उतार तेवढा बदलत जातो, बस्स.

```python
c, g = 353.1, -0.228
x, z, s = 0.0, 1.5, -0.044
while x < 300:
    s -= g / c
    z += s
    x += 1
print(round(z, 1))
```

सुरुवातीचा उतार −०.०४४ मुद्दाम निवडला आहे. हा किरण जमिनीला जेमतेम स्पर्श करून वर उठतो. याहून जास्त खाली जाणारे किरण जमिनीवर आदळतात, कमी उताराचे त्याच्या वरून जातात. म्हणजे हीच छायेची सीमा. स्पर्श ६८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर परत १३६ मीटरवर, आणि ३०० मीटरवर तो तब्बल १७ मीटर उंचीवर असतो. दुपारी ३०० मीटरवर उभं राहणाऱ्याच्या डोक्यावरून आवाज निघून जातो.

२१ एप्रिल

३०० मीटरवरची दुपारची मोजणी. आवाज फक्त पसरण्यानं किती घटला पाहिजे? अंतर तीसपट, म्हणजे २९.५ डेसिबेल. हवेतलं शोषण धरून एक-दीड डेसिबेल आणखी. एकूण ५९ डेसिबेल यायला हवेत. मीटरवर आले ४०, आणि स्पीकर बंद असताना तिथली पार्श्वभूमी ३६.

४० आणि ३६ इतके जवळ असले की मीटरवरचा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. दोन्हींची तीव्रता काढून वजा करायची आणि परत डेसिबेलमध्ये यायचं. तसं केल्यावर स्पीकरचा स्वतःचा आवाज ३८ उरतो. म्हणजे अपेक्षेपेक्षा २१ डेसिबेल कमी. पूर्ण शांतता मात्र नाही. छायेच्या कडेवरून थोडा ध्वनी वळून आत येतो आणि दुपारची खळबळणारी हवा काही भाग खाली विखुरते.

संध्याकाळपर्यंत थांबलो. रात्री साडेनऊ: खाली २१.०, वर २२.०. उलटं झालं. आकाश निरभ्र, जमिनीची उष्णता वर निघून गेलेली, तिला लागून असलेली हवा सगळ्यात थंड. याला तापमान विपरीतता म्हणतात. वेग आता वर जाताना मीटरमागे ०.१६७ नं वाढतो, त्रिज्या सुमारे २०६० मीटर आणि वाक खाली.

मीटर: ५७ डेसिबेल, पार्श्वभूमी २८. दुरुस्तीची गरजच नाही.

दुपारपेक्षा रात्री १९ डेसिबेल जास्त. रात्री शांतता असते म्हणून लांबचं ऐकू येतं, हे म्हणणं खरं आहे, पण अर्धवट. पार्श्वभूमी ८ डेसिबेलनं उतरली, तो वेगळा फायदा. स्पीकरचा आवाजच १९ नं वाढला, त्याचा शांततेशी संबंध नाही. कानाला दोन्ही एकत्र मिळतात.

२२ एप्रिल

रात्रीचा किरण प्रोग्रॅममध्ये घातला. साधारण चार अंश वर निघालेला ध्वनी ३०० मीटरवर पुन्हा दीड मीटरला उतरतो, आणि मध्ये जेमतेम सात मीटर उंची गाठतो. दुपारी आकाशात हरवणारा हा भाग रात्री परत येतो. वाटेत झुडुपं किंवा बांध असेल तर तो त्यांच्यावरून येतो, म्हणून रात्री मधल्या अडथळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही. चारहून कमी अंशांनी निघालेले किरण आधीच जमिनीवर उतरून, उसळून पुन्हा वर-खाली होत पुढे जातात.

प्रकाशाच्या भाषेत सांगायचं तर रात्रीचा आवाज हे रस्त्यावरच्या मृगजळाचं उलटं रूप आहे. रस्त्यावरच्या मृगजळाचं ध्वनीतलं खरं जुळं म्हणजे दुपारचं न ऐकू येणं.

२६ एप्रिल

छाया खरोखरच सीमेसारखी वागते का, हे पाहणारी चाचणी. रेनॉल्ड्सनं वाऱ्याविरुद्ध न पोचणारा आवाज उंचीवर गेल्यावर ऐकू येतो असं दाखवलं होतं. तेच तापमानासाठी करून पाहिलं. दुपारी १५० मीटरवर हिशेबानं सीमा सव्वादोन मीटरच्या जरा खाली येते. म्हणजे दीड मीटरवरचा मायक्रोफोन छायेत, खांबाच्या टोकाचा बाहेर.

खाली ५७, वर ६३. छाया नसती तर दोन्हीकडे ६६ च्या आसपास आले असते. सीमा सुरीनं कापल्यासारखी नाही, कारण १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३५ सेंटिमीटर आहे आणि कडेला ती सहज वळते. पण अडीच मीटर वर गेल्यानं सहा डेसिबेल वाढले, हे पुरेसं बोलकं आहे. रस्त्यावर डोळा खाली नेला की छाया जवळ आली होती. इथे कान वर नेला की छायेतून बाहेर पडता येतं.

वेगळ्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तरही या तरंगलांबीत आहे. रस्त्यावरचा १७ अंशांचा फरक डांबरापासून काही सेंटिमीटरांतच संपतो. ३५ सेंटिमीटरच्या लाटेला इतका पातळ थर वेगळा जाणवतच नाही. तिच्या तरंगाग्राचं एक टोक त्या थरात आणि दुसरं बाहेर, असं म्हणायला लाटच त्याहून मोठी. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी, त्याला तोच थर प्रचंड जाड आहे. म्हणून प्रकाशाला फरक नगण्य असूनही पातळ, तीव्र थर पुरतो. ध्वनीला मीटरमागे काही दशांश अंशच लागतात, पण तो फरक कितीतरी मीटर उंचीपर्यंत पसरलेला हवा. किरण काढून विचार करण्याची पद्धत थर लाटेपेक्षा बराच जाड असेल तरच चालते.

३ मे

वाऱ्याचा दिवस, मुद्दाम निवडलेला. ध्वनीसाठी वाऱ्याचा वेगही वेगात मिळवायचा असतो: वाऱ्याबरोबर जाताना अधिक, विरुद्ध जाताना वजा. वारा जमिनीलगत मंद आणि वर जोरात असतो, त्यामुळे तोही थरांचं काम करतो.

२० एप्रिलच्या दुपारच्या आकड्यांत साडेतीन मीटरमधला वेगाचा एकूण फरक ०.८ मीटर प्रति सेकंद होता. म्हणजे खांबाच्या टोकाचा वारा तळापेक्षा फक्त तेवढ्यानं जास्त असेल, तर वाऱ्याच्या दिशेला तापमानाचा परिणाम पुरता पुसला जाईल. ०.८ म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक. आज फरक त्याहून जास्त होता आणि भर दुपारी वाऱ्याच्या दिशेला आवाज छान पोचला, उलट दिशेला जवळजवळ काहीच नाही.

म्हणून नियम ठरवला: प्रत्येक मोजणी स्पीकर आणि मीटरची अदलाबदल करून दोनदा. दोन्ही आकडे तीन डेसिबेलच्या आत असतील तरच ती तापमानाची मोजणी म्हणून ठेवायची. २० आणि २१ एप्रिलला हवा पडलेली होती आणि त्या मोजण्या या कसोटीत बसतात.

९ मे

संध्याकाळभर ३०० मीटरवर. दर पंधरा मिनिटांनी दहा सेकंदांचा आवाज. सूर्य मावळायच्या आधीच, उन्हं तिरपी असतानाच, दोन्ही थर्मामीटर सारखे झाले आणि मीटर वर चढायला लागला. सूर्यास्ताची वाट पाहावी लागत नाही. जमिनीचं उष्णता गमावणं मिळवण्यापेक्षा जास्त झालं की पुरे.

१४ मे

ढगाळ रात्र, हलका वारा. वर-खाली फरक ०.१ अंश. ढग जमिनीची उष्णता परत पाठवतात आणि वारा थर ढवळून एक करतो, त्यामुळे विपरीतता तयारच झाली नाही. पार्श्वभूमी २९, म्हणजे निरभ्र रात्रीइतकीच शांतता. स्पीकरचा आवाज ३०० मीटरवर ४९. अदलाबदल केल्यावर ४७.